सात पानी पीआयपीचं एक पान कसं करायचं? (नवीन ब्रँच मॅनेजर सोमवारी येताहेत)

पांदण_रस्ता · २३ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी एका मायक्रोफायनान्स कंपनीच्या एरिया ऑफिसात ॲडमिनचं काम पाहते. यवतमाळ जिल्हा एवढंच सांगते, गाव विचारू नका, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

आमच्या एका शाखेतल्या फिल्ड ऑफिसरला १४ जुलैला पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत कामगिरी सुधारण्याचा लेखी आराखडा, दिला. ज्या मॅनेजर मॅडमनी दिला त्यांची १८ तारखेला बदली झाली. नवीन सर २८ ला, सोमवारी रुजू होणार. पीआयपीचं पत्र हेड ऑफिसच्या एचआरचं, सात पानं, सगळं इंग्रजीत. आमचे एरिया मॅनेजर म्हणाले, "सात पानं कोण वाचते? त्यांना एका पानात मराठीत काढून दे. उद्दिष्टं काय, मुदत किती, कंपनीनं काय मदत द्यायची आणि आढावा कधी, बस."

मी असं केलं आहे:

उद्दिष्टं: १) वसुली ९७ टक्के करणे. २) ॲपमध्ये नोंदी वेळेवर करणे. ३) टीमसोबत वागणूक सुधारणे.
मुदत: ६० दिवस.
मदत: ट्रेनिंग, मार्गदर्शन, नवीन मोबाईल.
आढावा: दर पंधरा दिवसांनी.
नाही जमलं तर नोकरी जाईल.

अर्धं पानही भरलं नाही, म्हणून शंका आली. काही सुटलं आहे का?

कपाशी_कट्टा · ९:२०

शेवटची ओळ वाचून मलेच घाम फुटला बाप्पा, आणि मी त्या कंपनीत नाई.

मधली_सुट्टी · ९:३४

ताई, आमच्याकडे गोपनीय अहवाल असतो, त्यात साहेब शेरा मारतात आणि आपण पोचपावती देतो. मला एकदा "बरा" शेरा मिळाला होता तर मी लेखी हरकत घेतली होती. तुम्हीपण त्या ऑफिसरला हरकत घ्यायला सांगा. मुदत चुकवू नका.

पांदण_रस्ता · ९:४१

सर, तो अहवाल वेगळा. मला हरकत घ्यायची नाही, फक्त नवीन मॅनेजरसाठी सारांश करायचा आहे.

तूरडाळ · ९:५५

माझ्या मते चांगलं केलं आहे. मॅनेजरला आकडा पाहिजे, बाकी कथा नको. उलट "मदत" पण काढून टाका, ती एचआरची सजावट असते. आणि त्या पोराला निरोप द्या की कुठेही सही करू नको. पीआयपीवर सही म्हणजे अर्धा राजीनामा.

बुटीबोरी_शिफ्ट · १०:४८

पांदणताई, मी १७ वर्षं एचआरमध्ये आहे, कारखान्याच्या. मायक्रोफायनान्स माझा प्रांत नाही, पण पीआयपीचे कागद पुष्कळ पाहिले. तूरडाळ यांचं आधी सांगतो. पत्रावरची सही पत्र मिळाल्याची असते. "मिळाले" लिहून तारीख टाकली की झालं. मान्य नसेल तर तसं खाली लिहिता येतं. सही न केल्यानं पीआयपी थांबत नाही.

आता तुमचा कागद. चूक लहान असण्यात नाही, कशाला कात्री लावली त्यात आहे. मूळ पत्रात ९७ टक्के एवढंच आहे का? आज तो किती टक्क्यांवर आहे, मधला टप्पा कोणता, आकडा कुठल्या रिपोर्टमधून घ्यायचा, काय मोजायचं आणि काय सोडायचं, हे कुठेतरी असणारच. बहुतेक वेळा ते पहिल्या पानावर नसतं, मागे जोडपत्रात बारीक अक्षरात असतं. शेवटून वाचायला सुरुवात करा. नावं, रकमा न देता इथे सांगा काय सापडलं.

दुसरं, "नोकरी जाईल" हे पत्रात तसंच लिहिलं आहे का? माझी पैज, तसं नसेल.

पांदण_रस्ता · ११:२६

सर, तुम्ही पैज जिंकलात. पत्रात आहे की पुढील कारवाई होऊ शकते, त्यात मुदतवाढ, बदली किंवा सेवासमाप्ती येऊ शकते. मी घाईत तिन्हीचं एक करून टाकलं.

पाचव्या पानावर जोडपत्र सापडलं, मी ते उघडलंच नव्हतं. त्यात लिहिलं आहे: जूनची वसुली ९१ टक्के. ८ ऑगस्टच्या आढाव्यापर्यंत ९४, शेवटी ९७. आकडा पंधरवड्याच्या एमआयएस रिपोर्टमधून घ्यायचा. आणि खाली तळटीप: मे महिन्यात सोडून गेलेल्या ऑफिसरची जी ४ सेंटर, म्हणजे कर्जदार बायांचे गट, याच्याकडे आली, ती या मोजणीत धरायची नाहीत. वसुलीचे नियम पाळूनच हे उद्दिष्ट गाठायचं, अशीही एक ओळ आहे.

वणीवाला · २४ जुलै, सकाळी ६:५०

सेंटर मीटिंगला निघण्याआधी लिहितो. मी दुसऱ्या एका मायक्रोफायनान्समध्ये ब्रँच मॅनेजर आहे, म्हणजे हा कागद ज्याच्या हातात पडणार तो माणूस मीच समजा.

ती तळटीप नसती तर काय झालं असतं ते सांगतो. समजा त्याच्याकडे २२ सेंटर आहेत. पंधरवड्याची डिमांड, म्हणजे यायचे हप्ते, ६ लाख. त्यातली त्याची स्वतःची १८ सेंटर ४ लाख ८० हजारांची, तिथे आले ४ लाख ४६ हजार ४००. म्हणजे ९३ टक्के. उरलेली ४ सेंटर १ लाख २० हजारांची, जुनं थकीत, बाया मीटिंगलाच येत नाहीत, तिथे आले ८७ हजार ६००. म्हणजे ७३ टक्के. मी नवीन मॅनेजर, मी एमआयएसमध्ये त्याच्या नावावर क्लिक करणार, मला एकच आकडा दिसणार: ५ लाख ३४ हजार, ८९ टक्के. मी म्हणणार, हा तर ९१ वरून खाली घसरला! आणि बिचारा खरं तर दोन टक्के वर चढलेला.

एमआयएस ती ४ सेंटर आपोआप वगळत नाही. म्हणून तळटीप नुसती उतरवू नका, त्या ४ सेंटरचे कोड कागदावर लिहा. "काही सेंटर वगळून" असं लिहिलं तर मी कोणती ते शोधत बसणार नाही, खोटं कशाला बोलू.

आणि ती नियमांची ओळ ठेवाच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करणं बसत नाही. पीआयपीवरचा माणूस घाबरून रात्री आठला फोन लावतो, मग तक्रार येते, मग तीच तक्रार त्याच्याच पीआयपीत जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कपाशी_कट्टा · ७:१५

आमच्या घरी तर सकाळी पावणेसातला दारात मोटरसायकल. तो नियम फोनचा आहे म्हणून प्रत्यक्षच येते का बावा?

वणीवाला · दुपारी १:०५

नाही भाऊ. सेंटर मीटिंग ठरलेल्या जागी, बायांच्या सोयीनं सकाळी होते, ती वेगळी. ठरल्या जागी कोणी आलं नाही तर घरी जाता येतं, पण तेही एकदा नाही, वारंवार न आल्यावर. विषय भरकटला, सोडा.

बुटीबोरी_शिफ्ट · दुपारी २:१०

वणीवाल्यांनी माझं काम सोपं केलं. उद्दिष्टाला चिकटलेली अट हा उद्दिष्टाचाच भाग. ती गळली की उद्दिष्ट बदललं, आणि बदलायचा अधिकार सारांश करणाऱ्याला नाही.

ताई, बाकीची दोन उद्दिष्टं मूळ पत्रात कशी आहेत? आणि मुदत दोन ठिकाणी पडताळली का?

पांदण_रस्ता · ३:३०

नोंदींचं असं आहे: जूनमध्ये ११ पावत्या ॲपमध्ये दुसऱ्या दिवशी चढल्या. महिन्याला २ च्या वर जाऊ नयेत.

वागणुकीचं फक्त एक वाक्य, सहकाऱ्यांशी वागण्यात दिसण्याजोगी सुधारणा करावी. त्यापुढे काही नाही. मी विचार करत होते की "तक्रार शून्य" असं लिहावं, म्हणजे मोजता येईल.

आणि मुदत... पहिल्या पानावर ६० दिवस, सहाव्या पानावर "९० दिवसांच्या कालावधीअखेर". मी सकाळपासून दोन्ही पानं समोरासमोर ठेवून बसले आहे.

तूरडाळ · ३:४४

९० लिहा. कर्मचाऱ्याच्या बाजूचं धरावं.

वणीवाला · ३:५०

आणि एचआरनं ६० व्या दिवशी पत्र काढलं तर? मॅनेजर म्हणेल मला कागदावर ९० सांगितलं होतं.

बुटीबोरी_शिफ्ट · ४:३५

दोघंही एक आकडा निवडायच्या मागे आहात. ताईंनी निवडायचाच नाही. सहावं पान बहुधा जुन्या नमुन्यातून चिकटवलेलं आहे, तिथला ९० बदलायचा राहिला असेल. पण "बहुधा" वर माणसाची नोकरी टांगत नाहीत. कागदावर दोन्ही लिहा: पान १ वर ६० दिवस, म्हणजे ११ सप्टेंबर. पान ६ वर ९० दिवस, म्हणजे ११ ऑक्टोबर. पुढे लिहा, एचआरला विचारलं आहे, उत्तर यायचं आहे. आणि खरोखर ईमेल टाका, फोन नको. (१४ जुलै हा पहिला दिवस धरून मोजलं आहे, तुम्हीही मोजून पाहा.)

वागणुकीचंही तेच. "तक्रार शून्य" हे उद्दिष्ट तुमचं झालं, कंपनीचं नाही. शिवाय ते वाईट उद्दिष्ट आहे, कुणी एकानं खोडसाळपणे तक्रार केली की पोरगा नापास. मूळ वाक्य जसंच्या तसं मराठीत द्या आणि खाली "मोजमाप दिलेलं नाही" एवढंच. नवीन मॅनेजरला ते तीन शब्द फार उपयोगी पडतील, कारण पहिल्याच आढाव्यात हा मुलगा विचारणार की सर, मी काय केलं म्हणजे सुधारलो?

मधली_सुट्टी · ५:१०

आमच्याकडे पण "वर्तणूक समाधानकारक" असंच असतं. कोणाचं समाधान ते कधीच कळलं नाही.

सावजी_नको · रात्री ८:५५

हा धागा वाचून राहवलं नाही. दोन वर्षांआधी मी एका बियाणे कंपनीत होतो, वर्धा जिल्ह्यात, टेरिटरी पाहायचो. मला पीआयपी लागला तीन महिन्यांचा. दर पंधरा दिवसांनी आढावा असं लिहिलं होतं. साहेबाकडेही असाच एका पानाचा कागद होता, मी पाहिला, त्यावर "पाक्षिक आढावा" असं सुबक लिहिलेलं. तारीख एकही नाही.

पहिला पंधरवडा गेला, साहेब म्हणे पेरणी आहे, पुढच्या वेळी घेऊ. दुसरा गेला, डीलर मीटिंग आली. मला वाटे बरंच आहे, कोणी बोलत नाही म्हणजे ठीक चाललं असेल. तिसऱ्या महिन्यात एका दिवशी नागपूरला बोलावलं आणि सहाच्या सहा आढाव्यांचे फॉर्म एकाच दिवशी समोर ठेवले. सगळ्यांची शाई एकच. मी सही केली नाही, पण काम गेलंच.

मदतीत लिहिलं होतं की सिनिअर माणूस सोबत फिरेल. एकदा आला, हिंगणघाटला चहा पिऊन परत गेला.

ताई, तारखा लिहा. हात जोडून सांगतो.

मी_अमरावतीची · ९:२०

सावजी दादा, वाईट वाटलं. पांदण, मूळ पत्रात त्या मुलाच्या घरचं किंवा तब्येतीचं काही आहे का? असेल तर मॅनेजरच्या पानावर घेऊ नकोस. एका पानाचा कागद टेबलावर पडतो, फोटो निघतो, ग्रुपवर जातो. सात पानी पत्र कोणी फॉरवर्ड करत नाही, एक पान लगेच करतात.

पांदण_रस्ता · १०:०५

आहे ताई. आईच्या ऑपरेशनमुळे जूनमध्ये सुट्ट्या झाल्या, असा एक परिच्छेद आहे. मी अजून घेतला नव्हता, आता घेणारही नाही.

तूरडाळ · १०:१८

पण मग नवीन साहेबाला कसं कळेल की जूनचे आकडे का पडले? ते तर त्याच्याच फायद्याचं आहे.

मी_अमरावतीची · १०:२६

त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. मूळ पत्र मॅनेजरच्या लॉगिनला आहेच की.

बुटीबोरी_शिफ्ट · १०:५२

यात तूरडाळ यांचाही मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मी असतो तर "सुट्ट्यांबाबत मूळ पत्राचं अमुक पान पाहा" एवढं लिहिलं असतं. कारण लिहिलं नसतं.

पण "मदत ही सजावट" याला माझा ठाम विरोध, आणि सावजींची गोष्ट त्याचंच उत्तर आहे. पीआयपीत कर्मचाऱ्याच्या कामाइतकंच कंपनीचंही काम लिहिलेलं असतं. मॅनेजरच्या पानावर तो भाग सगळ्यात ठळक पाहिजे, कारण बहुतेक वेळा ते काम मॅनेजरचंच असतं आणि त्याला ते माहीत नसतं. ताई, "मार्गदर्शन" म्हणजे पत्रात नेमकं काय?

पांदण_रस्ता · ११:३०

आत्ता पाहिलं आणि डोक्याला हात लावला. पहिले चार आठवडे ब्रँच मॅनेजरनं आठवड्याला दोनदा त्याच्यासोबत सेंटर मीटिंगला जायचं. म्हणजे १० ऑगस्टपर्यंत ८ भेटी. मॅडम जाण्याआधी एक झाली. या आठवड्यात मॅनेजरच नाही, तर एकही नाही. २८ ला नवीन सर येतील तेव्हा ४ व्हायला हव्या होत्या, झाली १.

ट्रेनिंग १९ तारखेला यवतमाळला होतं, ते झालं, हजेरी आहे. मोबाईल आयटीनं २१ पर्यंत द्यायचा होता, तो आलेला नाही. त्याच्या जुन्या हँडसेटवर ॲप ऑफलाइन नोंद धरतच नाही. ज्या गावात रेंज नाही तिथली पावती तो शाखेत येऊन चढवतो, आणि पांदण ओली असली की यायला रात्र होते. त्या ११ उशिराच्या नोंदींतल्या ७ अशाच गावांच्या निघाल्या, मी आत्ता ताडून पाहिल्या.

कपाशी_कट्टा · ११:३८

म्हणजे पोरगा नापास, अन् मोबाईल गैरहजर.

वणीवाला · २५ जुलै, सकाळी ७:०२

ताई, हे लाख मोलाचं काम केलं तुम्ही, पण एक सांभाळा. ७ नोंदी रेंज नसलेल्या गावांच्या, हा तुमचा शोध आहे, पत्रात नाही. सारांशात मिसळू नका. वेगळी चिठ्ठी करून एरिया मॅनेजरला द्या. सारांशात फक्त "मोबाईल: आयटी, २१ जुलै, अजून मिळाला नाही".

माझ्या मते मोबाईल उशिरा आला तेवढे दिवस नोंदींचं उद्दिष्टही पुढे सरकायला पाहिजे.

बुटीबोरी_शिफ्ट · सकाळी ९:१५

पाहिजे, असं मलाही वाटतं. पण पत्रात तसं कलम आहे का? नसेल तर मॅनेजरला परस्पर सरकवता येणार नाही. काही कंपन्या लेखी मुदत वाढवून देतात, काही "जुन्या मोबाईलवर बाकीचे करतातच ना" म्हणतात. कामगार कायद्यात पीआयपी नावाचं काही नाही, सगळं कंपनीच्या धोरणावर चालतं, म्हणून इथे कोणी छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. विचारून ठेवा.

आणि हो, आज २५. पंधरवड्याचे आढावे कुठल्या वारी आहेत?

पांदण_रस्ता · ९:४०

एक शुक्रवार सोडून एक. पहिला आजच!! आणि शाखेत मॅनेजर नाही. एरिया मॅनेजरांकडे चालले.

कपाशी_कट्टा · ९:४४

पळा ताई पळा.

सावजी_नको · ९:५८

हेच. हेच होते.

मी_अमरावतीची · १०:३०

आजपासून मोजलं तर २५ जुलै, ८ ऑगस्ट, २२ ऑगस्ट, ५ सप्टेंबर. पण २२ ऑगस्टला पोळा आहे बरं का.

कपाशी_कट्टा · १०:३३

पोळ्याच्या दिवशी कोणाच्या कामगिरीचा आढावा घेते? त्या दिवशी फक्त बैलाचा घ्यायचा, अन् त्याले पुरणपोळीच मिळते, पीआयपी नाई.

मधली_सुट्टी · १०:४५

आदल्या दिवशी ठेवलात तर संध्याकाळी खांदेमळण. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." सकाळी उरका.

पांदण_रस्ता · २५ जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आजचा आढावा एरिया मॅनेजरांनी स्वतः घेतला, दुपारी ४ ला, वीस मिनिटं. फॉर्म भरला, दोघांच्या सह्या झाल्या, आजच्याच तारखेच्या. सर आधी म्हणाले, "सोमवारी नवीन माणूस घेईल ना", मग मी त्यांना सावजी दादांची शाईची गोष्ट सांगितली.

पान आता असं झालं आहे. थोडं गाळून टाकते:

वसुली: जून ९१. ८ ऑगस्टला ९४, शेवटी ९७. पंधरवड्याचा एमआयएस. ४ सेंटर वगळून, कोड खाली दिले आहेत. वसुलीचे नियम पाळून. (पान २, पान ५)
नोंदी: जून ११ उशिरा. महिन्याला २ पर्यंत चालतील. (पान २)
वागणूक: सहकाऱ्यांशी वागण्यात दिसण्याजोगी सुधारणा. मोजमाप दिलेलं नाही. (पान ३)
मुदत: १४ जुलैपासून. पान १: ६० दिवस, ११ सप्टेंबर. पान ६: ९० दिवस, ११ ऑक्टोबर. एचआरला २५ जुलैला ईमेल केला, उत्तर बाकी.
तुम्ही करायचं: सोबत सेंटर भेटी ८, झाली १, राहिल्या ७, १० ऑगस्टपर्यंत.
इतरांनी करायचं: ट्रेनिंग झालं १९ जुलै. मोबाईल, आयटी, २१ जुलै, मिळाला नाही.
आढावा: २५ जुलै झाला (एरिया मॅनेजर). ८ ऑगस्ट. २२ ऑगस्ट, पोळा, २१ ला सकाळी घ्यावा असं सुचवलं, एचआरची मान्यता बाकी. ५ सप्टेंबर. शेवटचा आढावा मुदत ठरल्यावर.
शेवटी: पुढील कारवाई होऊ शकते, मुदतवाढ, बदली किंवा सेवासमाप्ती. (पान ६)
सगळ्यात वर: हे पान सोयीसाठी. मूळ पत्रच ग्राह्य.

पूर्ण पान भरलं, पण एकच आहे.

वणीवाला · रात्री १०:२०

"तुम्ही करायचं" हे मथळ्याच्या खाली पहिल्यांदा आणा. मी मोबाईलवर पाहीन तेव्हा स्क्रीनवर तेच दिसलं पाहिजे. १४ दिवसांत ७ भेटी म्हणजे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी रूट आखावा लागेल.

आणि हे पान त्या मुलालाही द्या की. त्याला तरी सात पानी इंग्रजी कळलं का कोणी विचारलं?

बुटीबोरी_शिफ्ट · १०:४१

मुलाला मराठीत मिळालंच पाहिजे, पण हे पान नको. एचआरनं मंजूर केलेलं भाषांतर द्या. नाहीतर दोन कागद, दोन अर्थ, आणि भांडण ताईंच्या नावानं.

वणीवाला · १०:४६

एचआरचं भाषांतर येईपर्यंत पीआयपी संपेल साहेब.

तूरडाळ · १०:५५

बरं, मदतीबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. सहीचं नाही.

पांदण_रस्ता · २९ जुलै, रात्री ८:३०

नवीन सरांनी काल पान वाचलं. पहिला प्रश्न विचारला, "या ७ भेटी माझ्या?" आज सकाळी दोघं एका गाडीवर पहिल्या सेंटरला गेले, आता राहिल्या ६. मोबाईलबद्दल आयटी म्हणते नागपूरहून निघाला आहे. ६० की ९०, याचं उत्तर एचआरकडून अजून नाही. आज दुसरा ईमेल टाकला.

कपाशी_कट्टा · ८:३६

मोबाईल बैलगाडीत टाकला असंल. पोळ्यापर्यंत येते.